एक नमुना दाखवा, बाकीचे सारांश त्याच चालीत येतील

हेडफोन हाताशी नसेल तर आजचा भाग वाचून घ्या. आजचा विषय छोटा आहे, पण भाषेच्या मॉडेलकडून मजकूर लहान करून घेणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी अडतोच.

समजा, एका पॉडकास्टच्या भागात आठ तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याची दोन ओळींची टीप हवी आहे, म्हणजे फोनवर अंगठ्यानं सरकवता सरकवता ऐकणाऱ्याला कळेल की इथे काय आहे. आपण मॉडेलला लिहितो, ‘हे थोडक्यात सांग’. पहिली टीप वीस शब्दांची येते. दुसरी येते साठ शब्दांची, त्यात ठिपके टाकून यादी. तिसरी सुरू होते, ‘या भागात आपण पाहणार आहोत की...’ आणि चौथीत अचानक शासकीय परिपत्रकाची भाषा! प्रत्येक टीप एकटी वाचली तर ठीक आहे, पण आठ एकाखाली एक ठेवल्या की आठ वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारख्या दिसतात.

असं का होतं? ‘थोडक्यात’ या शब्दाला माप नाही. बातमीचा मथळाही थोडक्यात असतो आणि पुस्तकाच्या मागचा मजकूरही. मॉडेल दर वेळी त्यातलं काहीतरी एक निवडतं. बरं, ‘वीस शब्दांत सांग’ म्हटलं तरी पूर्ण भागत नाही. मॉडेल मजकूर शब्दांत नाही, टोकनच्या तुकड्यांत वाचतं, आणि देवनागरीतला एक शब्द बऱ्याचदा अनेक टोकनमध्ये फुटतो. त्यामुळे शब्दांची मोजणी थोडीफार चुकतेच. आणि लांबी जमली तरी सूर राहतोच की!

उपाय साधा आहे. एक टीप स्वतः, हातानं लिहायची आणि ती नमुना म्हणून दाखवायची. याला वन-शॉट म्हणतात. झीरो-शॉट, वन-शॉट, फ्यू-शॉट हे शब्द २०२० साली आलेल्या जीपीटी-३च्या शोधनिबंधामुळे सगळ्यांच्या तोंडी बसले. यात मॉडेलला नवीन काही शिकवलं जात नाही, त्याच्या आतले आकडे बदलत नाहीत. समोरच्या मजकुरात जो साचा दिसतो तो ते पुढे चालवतं, एवढंच.

आता एक मुद्दा नीट लक्षात घ्या. नुसती छोटी टीप दाखवू नका, मूळ तुकडा आणि त्याची टीप अशी जोडी दाखवा. एकटी टीप दाखवली तर मॉडेलला लांबी आणि सूर दिसतो. पण काय गाळलं आणि काय ठेवलं, हे फक्त जोडीतूनच कळतं. हे बघा:

```
मूळ: तर लोणार, बुलढाणा जिल्ह्यात. उल्का आदळून बेसाल्ट
खडकात पडलेला खड्डा, आणि त्यात खारं पाणी. २०२०च्या जूनमध्ये
ते पाणी अचानक गुलाबी झालं. लोकांना वाटलं, कुणीतरी
काहीतरी सोडलं पाण्यात. पण पुण्याच्या आघारकर संस्थेनं
तपासलं, तर निघाले खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. म्हणजे
बघा, उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, आणि यांची चंगळ!

टीप: लोणारचं पाणी २०२०च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते खारट
पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पाणी आटलं, क्षार
वाढले आणि त्यांचं फावलं.

मूळ: (इथे नवा तुकडा)

टीप:
```

मूळ तुकडा पन्नासच्या आसपास शब्दांचा, टीप अठरा शब्दांची. वाक्यं दोन: पहिल्यात काय झालं, दुसऱ्यात का झालं. ‘तर’, ‘म्हणजे बघा’ हे बोलण्यातले टेकू गेले, जिल्हा गेला, संस्थेचं नाव गेलं, लोकांचा संशय गेला. पण ‘झालं’, ‘आटलं’ ही बोलीतली रूपं तशीच ठेवली, ‘झाले’ केलं नाही. हे सगळे नियम लिहून द्यायचे म्हटले तर अर्धं पान भरेल, आणि तरीही ‘फावलं’सारखा शब्द चालतो हे सांगायचं राहूनच जाईल. जोडीत ते न सांगता येतं.

आता पुढचा तुकडा साताऱ्याजवळच्या कास पठारावरचा घ्या. बोलणारा सांगतोय की खाली जांभा खडक आहे, वर मातीचा थर अगदी पातळ, म्हणून मोठी झाडं तग धरत नाहीत आणि पावसाळ्यात छोटी फुलझाडं भाव खाऊन जातात. वरच्या साच्यात हा तुकडा टाकला की अशी टीप यायला हवी: ‘कासच्या पठारावर मोठी झाडं नाहीत, कारण जांभ्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ आहे. पाऊस आला की छोटी रोपं घाईनं फुलतात.’ वीस शब्द, दोन वाक्यं, तीच चाल. आधीच्या टिपेखाली ठेवली तर दोन्ही एकाच हाताच्या वाटतात.

पण नमुना एकच असल्यामुळे त्याच्या खोडीही सोबत येतात. लोणारच्या टिपेत साल आहे. कासच्या तुकड्यात साल नाहीच. अशा वेळी मॉडेल कधी कधी साच्याला जागून कुठून तरी एक साल चिकटवतं, किंवा लोणारचे ‘क्षार’ कासच्या मातीत नेऊन टाकतं. ओळखायचं कसं? टिपेतला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव मूळ तुकड्यात शोधा. सापडलं नाही तर ती टीप बाद. म्हणून नमुना निवडताना सगळ्यात चमकदार तुकडा घेऊ नका, सगळ्यात सर्वसाधारण घ्या. तुमच्या बहुतेक तुकड्यांत आकडे नसतील तर नमुन्यातही नको.

दुसरी अडचण लांबीची. पन्नास शब्दांचा तुकडा अठरावर आणलेला दाखवला आणि मग चारशे शब्दांचा तुकडा दिला, तर टीपही फुगते. नमुना आणि खरे तुकडे साधारण सारख्या आकाराचे ठेवा, किंवा मोठा तुकडा आधी कापून घ्या. नमुन्यासोबत ‘दोन वाक्यं’ एवढी एक ओळ लिहिली तरी मदत होते, कारण वाक्यं मोजणं शब्द मोजण्यापेक्षा सोपं. नंतर खात्री करायची तर टर्मिनलवर `wc -w` आहेच. आठ टिपांमध्ये एखादी पस्तीसची निघाली तर लगेच डोळ्यात भरते.

तिसरी गोष्ट फेऱ्यांची. एकाच लांबलचक चॅटमध्ये तुकड्यामागून तुकडा टाकत गेलं की नमुना मागे पडतो, आणि मॉडेल स्वतःच्याच अलीकडच्या टिपांची नक्कल करू लागतं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं: प्रत्येक फेरीत थोडी लांबी वाढते, थोडा सूर बदलतो. म्हणून दर तुकड्याला नवी सुरुवात करा आणि हातानं लिहिलेली तीच मूळ जोडी वर ठेवा. मॉडेलनं दिलेली ‘छान’ टीप पुढचा नमुना म्हणून वापरायचा मोह आवरा.

आणि दोन ओळींची टीप आणखी लहान करून नोटिफिकेशनसाठी सहा शब्दांवर आणायची असेल, तर हा नमुना तिथे चालणार नाही. ते वेगळं काम आहे, त्याला त्याची स्वतःची जोडी लागते: डावीकडे दोन ओळी, उजवीकडे सहा शब्द. तीही एकदाच लिहायची, पण हातानंच.

तुमच्याकडे असे तुकडे असतील तर आधी एक जोडी लिहून बघा आणि तीन तुकड्यांवर चालवा. तिन्ही टिपा एकाखाली एक ठेवून मोठ्यानं वाचा. कान लगेच सांगतो, कुठली परकी आहे ते. भेटू पुढच्या भागात!