रेडिएटरची ठोकाठोक

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत बॉयलरने तापवलेलं पाणी पंप खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. पहाटे पंप सुरू झाला किंवा खोली पुरेशी उबदार झाली, की काही घरांत भिंतीमागून धाडधाड ठोके ऐकू येतात. कुणी हातोडीने पाइप बडवत असावं, असा तो आवाज असतो.

वाहतं पाणी एकदम अडलं की त्याच्या वेगाचं दाबात रूपांतर होतं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून 1898 मध्ये याचं गणित मांडलं. तांब्याच्या पाइपमध्ये सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जाणारं पाणी अचानक थांबवलं, तर दाब सहा बारच्या आसपास उसळतो. घरच्या हीटिंगमध्ये एरवी तो एक-दीड बारच असतो. मात्र वीस मीटरच्या पाइपमध्ये ‘अचानक’ म्हणजे सेकंदाच्या तीन शतांशांच्या आत.

इथेच खरं कोडं आहे. रेडिएटरवरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह तर खोली तापेल तसा कित्येक मिनिटं घेत सावकाश मिटतो. मग ठोका येतो कुठून?

बऱ्याचदा व्हॉल्व्ह उलटा बसलेला असतो. सरळ बसवला, तर पाणी आतल्या चकतीला खालून उचलून धरतं. उलट्या दिशेने आलेलं पाणी तिला वरून दाबतं. फट अगदी बारीक उरली, की मोरीच्या तोंडाशी धरलेलं बूच खेचलं जावं तशी चकती झटकन खाली ओढली जाते. प्रवाह तुटतो, दाब उसळतो, स्प्रिंग चकतीला पुन्हा वर ढकलते आणि हेच चक्र भराभर चालू राहतं. व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला असताना पंप सुरू झाला तरी तेच. बाकीचे रेडिएटर बंद असले, तर पंपाचा सगळा जोर या एकावर येतो आणि आवाज वाढतो.

ओळखायचं कसं? आवाज चालू असताना व्हॉल्व्हची मूठ पूर्ण उघडी करा. ठोके तिथल्या तिथे थांबले, तर दोषी सापडला. मग गार रेडिएटरवर हीटिंग लावून दोन्ही टोकांच्या पाइपांना हात लावा. आधी तापतो तो पाणी आणणारा पाइप. व्हॉल्व्हवरचा बाण त्या प्रवाहाच्या विरुद्ध असेल, तर प्लंबरकडून दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह अदलाबदल करून घ्यावेत, किंवा दोन्ही दिशांनी चालणारा, दुहेरी बाणाचा व्हॉल्व्ह बसवावा. पंपाचा वेग कमी केल्याने ठोके मंदावतात, पण उलटी चकती उलटीच राहते.

मूठ पूर्ण उघडूनही ठोके येत राहिले, तर पंपाजवळची एकदिशा झडप आणि सैल पडलेल्या क्लिपा तपासाव्यात. हीटिंग तापताना किंवा बंद झाल्यावर येणारी बारीक टकटक मात्र वेगळी. दहा मीटर तांबं पन्नास अंशांनी तापलं की आठेक मिलिमीटर लांबतं, गार होताना तेवढंच आखडतं आणि लाकडी तुळईला घासत जातं.