पोलादी केबिनमधला किबला

सावित्रीच्या खाडीकाठच्या एका गावात सुट्टीवर आलेल्या खलाशाने एका घरी चार पानांचं मराठी पत्र पोचवलं. मुलगा मालवाहू जहाजावर एबी, म्हणजे अनुभवी खलाशी. वडिलांनी फोनवर विचारलं होतं, "बाबा, तिथं नमाज कुठल्या बाजूला तोंड करून पढतोस?" कोकणात हा प्रश्न कुणाला पडत नाही. किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. खाडीच्या मुखाकडे, समुद्राकडे तोंड केलं की झालं. जहाजावर मात्र चारी बाजूंना समुद्रच.

पहिल्या महिन्यात त्याने मोबाइलमधल्या होकायंत्रावर भरवसा ठेवला. पलंगापाशी ते एक दिशा दाखवी, दारापाशी दुसरी. केबिनच्या भिंती, जमीन, छत सगळं पोलादाचं. अशा खोलीत चुंबकीय सुई भरकटतेच. ही चूक लक्षात आली, ती एकाच नमाजात दोनदा शंका आल्यावर. पढताना मन मक्केकडे कमी आणि सुईकडे जास्त होतं, असं त्याने अब्बांना मोकळेपणाने लिहिलं आहे.

मग तो हिशेब शिकला. त्याची पाळी बारा ते चारची, दुपारची आणि मध्यरात्रीची. या पाळीला ब्रिजवर सहसा सेकंड ऑफिसर असतो आणि नकाशे, मार्ग हे त्याचंच काम. त्याच्याकडून दोन आकडे घ्यायचे: जहाजाचं नाक किती अंशांवर आहे आणि जहाज आहे तिथून मक्का किती अंशांवर आहे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की नाकापासून उजवीकडे किती वळायचं ते कळतं. समजा नाक ३३० अंशांवर आहे आणि किबला ९० वर. नव्वदमध्ये ३६० मिळवून ३३० वजा केले की उरतात १२०. केबिनची कुठली भिंत नाकाकडची, हे ठाऊक असतंच. तिथून कोन मोजून तो जमिनीवर चिकटपट्टी लावतो आणि तिच्या रेषेत मुसल्ला अंथरतो.

लाल समुद्रात ही पट्टी रोज हलवावी लागली. बाब-अल-मंदेबमधून शिरताना मक्का जवळजवळ जहाजाच्या नाकासमोर होती. जेद्दाच्या समोर आल्यावर ती उजव्या हाताला आली आणि सुएझ जवळ येईतो पाठीमागे गेली. तीन-चार दिवसांत किबला समोरून पाठीकडे गेला! "अब्बा, जहाज पुढे गेलं, पण ते घर आपल्या जागी होतं," एवढंच त्याने त्यावर लिहिलं आहे.

वेळेचंही तसंच. पश्चिमेकडे जाताना साधारण दर पंधरा रेखांशांना घड्याळ एक तास मागे घेतात. त्यात रात्रीची पाळी, जेवण अवेळी, झोप दोन तुकड्यांत. तिसऱ्या महिन्यात त्याची फजर सुटू लागली. पाळी चारला संपायची, पहाटेची वेळ व्हायला तास-दीड तास अवकाश. जरा पाठ टेकली की थेट साडेदहाला जाग. फजर कझा व्हायची. जुम्मा कधी गेला हेही कळेना. सलग दोन शुक्रवार गेले तरी त्याला पत्ता नव्हता. तेव्हा तो घाबरला.

त्याने झोपच पुढे ढकलली. चारला सुटल्यावर चहा, कपडे धुणं, वजू. फजर पढूनच पलंगावर, ते साडेअकरापर्यंत. आंतरराष्ट्रीय नियमानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी, आणि ती दोन भागांत विभागली तर त्यातला एक सलग सहा तासांचा असावा लागतो. हे सहा तास त्याला असे मिळाले. घड्याळ कितीही मागे-पुढे होवो, उजाडणं आकाशातच ठरतं. त्या एका खुंटीला त्याने आपला दिवस बांधला.

दुपारी पाळी सोडून जाता येत नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि त्या मजहबात प्रवाशाला जुहर व असर एकत्र पढायची मुभा आहे. चार रकातींच्या दोनच. अट एवढीच की जुहर पुढे ढकलण्याची नियत जुहरच्या वेळेतच करायची. दुर्बिणीतून समोर पाहतानाच तो ती मनात करतो आणि चारनंतर दोन्ही पढतो. जहाज जोरात डुलत असेल आणि पडायची भीती असेल, तर बसून पढतो.

घरची आठवण याने कमी होत नाही, हेही त्याने लपवलेलं नाही. इशानंतरच ती जास्त येते, असं लिहिलं आहे.

शेवटच्या पानावर जहाजाचा लांबट चौकोन आहे आणि त्यावर तीन बाण: एक पुढे, एक उजवीकडे, एक मागे. अब्बांनी कागद बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला आणि असरला इमामसाहेबांना दाखवायला घेऊन गेले.