बाणाचं शेपूट कुठे आहे?

लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत ‘नीट’साठी बसलेल्या मुलांना एकच हिशेब पाठ असतो: बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं तर उणे 1. लेखी पेपरात मेकॅनिझम काढताना मात्र अर्ध्या वाटेलाही गुण मिळू शकतात.

मिथिल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइडची अभिक्रिया घ्या. वाकडा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीचा प्रवास. पहिला बाण ऑक्सिजनवरच्या जोडीपासून निघून कार्बनवर टेकतो, दुसरा कार्बन-ब्रोमीन बंधातून निघून ब्रोमीनवर. बरीच मुलं पहिला बाण कार्बनपासून काढतात. पण त्या कार्बनकडे द्यायला मोकळी जोडीच नाही! काही जण दुसरा बाण विसरतात. मग कार्बनला पाच बंध, म्हणजे दहा इलेक्ट्रॉन होतात. त्याच्याभोवती मावतात आठच.

तीन गुणांचा प्रश्न मी असा तपासतो: दोन बाणांना एकेक, आणि अर्धवट बंधांच्या मधल्या अवस्थेला एक. दुसरा बाण राहिला तरी पहिल्याचा गुण शाबूत. बाण उलटे काढून शेवटी मिथेनॉल अचूक लिहिलं, तर त्या मिथेनॉलला काही नाही. ते पाठ करूनही लिहिता येतं.

उत्तरपत्रिका देण्याआधी भार मोजा. डावीकडे उणे एक, मधल्या अवस्थेवर उणे एक, उजवीकडे ब्रोमाइडवर उणे एक. कुठे फरक पडला, तर चूक त्याच्या आधीच्या बाणात शोधा.