सव्वादोन लाखांचा फरक

समजा, एका धर्मादाय ट्रस्टला आयकर विभागाची कलम १४२(१) खालील नोटीस आली. प्रश्न एकच : जमाखर्चात देणग्या १८,४०,००० रुपये दिसतात, फॉर्म १०बीडीमध्ये १६,१५,०००. उरलेल्या २,२५,००० रुपयांचा खुलासा करा.

अशा वेळी बऱ्याच विश्वस्तांची लेखणी संस्थेच्या निःस्वार्थ सेवेकडे वळते. पण अधिकाऱ्याने सेवेबद्दल विचारलेलंच नाही. त्याला फरक कुठून आला हे हवं आहे, आणि उत्तर पावतीपुस्तक, रोजकीर्द आणि बँकेचा उतारा यांच्या ताळमेळातच सापडतं. नोटीस क्रमांक व आकारणी वर्ष लिहून उत्तराने थेट मुद्द्यावर यावं :

‘फरकाच्या रकमेपैकी ९०,००० रुपये अशा देणगीदारांचे आहेत, ज्यांची नावे व पत्ते नोंदवहीत आहेत, मात्र ओळख क्रमांक उपलब्ध नसल्याने त्यांचा समावेश फॉर्म १०बीडीमध्ये झालेला नाही. पावतीनिहाय यादी जोडपत्र १ मध्ये आहे. उर्वरित १,३५,००० रुपये दानपेटीतील आहेत. पेटी उघडल्याच्या तारखा, मोजणीचे सही केलेले तक्ते व बँकेतील भरणा जोडपत्र २ मध्ये आहे.’

दोन्ही रकमांची बेरीज बरोबर २,२५,००० होते. ‘अनवधानाने’, ‘हेतू प्रामाणिक होता’ यांची गरज उरत नाही. यादीत राहून गेलेली नावं राहून गेली, असंच उत्तर सांगतं.

दोन रकमा वेगळ्या दाखवण्याला कारण आहे. देणारा कोण याची, म्हणजे नाव-पत्त्याची, नोंद ट्रस्टकडे नसेल, तर कलम ११५बीबीसीनुसार ती निनावी देणगी ठरते. पहिल्या रकमेची अशी नोंद आहे, दानपेटीची नाही. निव्वळ धार्मिक ट्रस्टला हे कलम लागू नाही. धर्मादाय ट्रस्टला लागू आहे. एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जे जास्त, तेवढी निनावी रक्कम या करातून सुटते. इथे ५ टक्के म्हणजे ९२,०००, म्हणून मर्यादा १ लाखाची. उरलेल्या ३५,००० रुपयांवर ३० टक्क्यांनी १०,५०० रुपये कर, शिवाय ४ टक्के उपकर : एकूण १०,९२० रुपये. हा कर विवरणपत्रात भरलेला असेल, तर चलनाचा तपशील द्यावा. नसेल, तर हिशेब मांडून कर देय असल्याचं मान्य करावं.

कागद जमवायला वेळ लागणार असेल, तर मुदत संपण्याआधीच पोर्टलवर मुदतवाढ मागावी. मात्र नोटीस आल्यावर पेटीतल्या पैशांना नावं शोधून मागच्या तारखेच्या पावत्या फाडू नयेत. पावतीचे क्रमांक आणि बँकेतल्या भरण्याच्या तारखा जुळत नाहीत, आणि १०,९२० रुपयांत मिटणारा प्रश्न खोट्या नोंदींचा होऊन बसतो.