नाइट शिफ्टचा ओटी चुकतो कुठे? रोस्टर आणि पंचिंगमधून आठवड्याचा हिशोब

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत माझे मामा शिफ्ट सुपरवायझर आहेत. आम्ही मूळचे पेणचे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरातला "कॉम्प्युटरवाला" मीच. मामांना दर सोमवारी दोनच गोष्टी कळायला हव्या असतात: कोणाचा किती ओटी झाला आणि कोण न सांगता गैरहजर राहिलं. त्यांच्याकडे फाइलीही दोनच असतात. एक म्हणजे शिफ्टचं रोस्टर आणि दुसरी पंचिंग मशीनची एक्सपोर्ट. या दोन्ही जुळवायच्या, बस्स. ऐकायला सोपं वाटतं, पण नाइट शिफ्ट आली की गाडी अडते.

शिफ्ट अशा आहेत: ए 6 ते 14, बी 14 ते 22, सी 22 ते दुसऱ्या दिवशी 6. आता 1047 नंबरचा एक कामगार घ्या (नंबर मी बदललाय). सोमवार ते शनिवार सी शिफ्ट, रविवारी सुटी. त्याचे पंच असे:

सोमवारी आत 21:50, मंगळवारी बाहेर 6:06. मंगळवारी आत 21:55, बुधवारी बाहेर 6:04. बुधवारी आत 21:58, बाहेरचा पंचच नाही. गुरुवारी आत 21:54, पण ए शिफ्टचा माणूस आला नाही म्हणून शुक्रवारी बाहेर 10:05. शुक्रवारी रात्री आलाच नाही. शनिवारी आत 21:53, रविवारी बाहेर 6:10.

मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा "फर्स्ट इन, लास्ट आउट" असा रिपोर्ट असतो. तो तारीख बघतो, शिफ्ट बघत नाही. मंगळवारचा पहिला पंच 6:06 आणि शेवटचा 21:55, म्हणून त्याच्या मते हा माणूस 15 तास 49 मिनिटं कामावर होता! बुधवारीही तेच, 15 तास 54 मिनिटं. गुरुवारचा खरा ओटी मात्र कुठेच दिसत नाही. शुक्रवारी 10:05 चा एक पंच असल्यामुळे त्या रात्रीची दांडी "पंच मिसिंग" म्हणून झाकली जाते. आणि रविवारी तो सुटीच्या दिवशी कामावर आला होता असं दिसतं. रिपोर्टमध्ये 15-16 तासांचे दिवस ओळीने दिसले, की समजा मध्यरात्रीची गडबड आहे.

यात 1948 च्या कारखाना कायद्याची भूमिका एकदम स्पष्ट होती. कलम 57 प्रमाणे मध्यरात्र ओलांडणाऱ्या शिफ्टमधले रात्री 12 नंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे. आता नव्या श्रम संहिता आल्या आहेत, तरी हिशोबासाठी मी हेच तत्त्व धरतो: शिफ्ट ज्या दिवशी सुरू झाली, तो तिचा दिवस.

काही जण तारीख सकाळी 6 ला बदलायची युक्ती करतात. ती इथे चालत नाही, कारण ए शिफ्टचा माणूस 5:48 ला आत येतो आणि सी शिफ्टचा 6:06 ला बाहेर पडतो. म्हणून पंचावरून शिफ्ट ओळखायच्या भानगडीत न पडता उलट सुरुवात करा. रोस्टर पाया धरा आणि प्रत्येक शिफ्टसाठी वेळेची एक खिडकी उघडून तिच्यात पडणारे पंच उचला.

गुगल शीट्समध्ये `Roster` नावाच्या शीटवर एका माणसाची एका दिवसाची एक ओळ करा: ए कॉलममध्ये कोड, बीमध्ये तारीख, सीमध्ये शिफ्ट. ओळी कोड आणि मग तारीख या क्रमाने लावा. `Shift` शीटवर शिफ्ट आणि तिची सुरुवातीची वेळ, `Punch` शीटवर कोड आणि पंचाची तारीख-वेळ. मग डीमध्ये शिफ्टची सुरुवात आणि ईमध्ये खिडकीचा शेवट:

```
D2: =IFERROR(B2+VLOOKUP(C2,Shift!A:B,2,FALSE),"")
E2: =IF(D2="","",MIN(D2+20/24,IF(AND(A3=A2,D3<>""),D3-1/24,D2+20/24)))
```

खिडकी सुरुवातीच्या 1 तास आधी उघडते आणि 20 तासांनी, किंवा पुढच्या शिफ्टच्या 1 तास आधी, जे आधी येईल तेव्हा बंद होते. बीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी ए लागली, तर पुढचा पंच मागच्या शिफ्टला चिकटू नये म्हणून ही दुसरी अट.

```
F2: =IF(D2="","",MINIFS(Punch!B:B,Punch!A:A,A2,Punch!B:B,">="&D2-1/24,Punch!B:B,"<"&E2))
G2: =IF(D2="","",MAXIFS(Punch!B:B,Punch!A:A,A2,Punch!B:B,">="&D2-1/24,Punch!B:B,"<"&E2))
H2: =IF(D2="","",IF(F2=0,"गैरहजर",IF(G2-F2<1/48,"पंच अपुरा","हजर")))
I2: =IF(H2="हजर",MAX(0,(G2-MAX(F2,D2))*24-8),0)
```

पंच सापडला नाही तर `MINIFS` शून्य देतो, म्हणजे गैरहजर. `1/48` म्हणजे अर्धा तास. गेटवर घाईत बोट दोनदा लावणारे असतातच, त्यांचे दोन पंच "आत-बाहेर" धरले जाऊ नयेत म्हणून ते. ओटीत `MAX(F2,D2)` अशासाठी की लवकर आलेल्याचे मिनिटं जमा होऊ नयेत आणि उशिरा येऊन उशिरा गेलेल्याला फुकटचा ओटी मिळू नये.

आता 1047 चं काय निघतं? चार दिवस हजर (सोम, मंगळ, गुरू, शनि), बुधवारी पंच अपुरा, शुक्रवारी गैरहजर. गुरुवारचा जादा वेळ 4 तास 5 मिनिटं, म्हणजे शीटमध्ये 4.08. बाकी दिवसांचे 6, 4 किंवा 10 मिनिटंही ओटीच्या कॉलममध्ये दिसतील. कंपनी अर्ध्या तासाच्या टप्प्यात ओटी देत असेल तर शेजारच्या कॉलममध्ये `=FLOOR(I2,0.5)` लिहा, पण मूळ आकडा पुसू नका. राउंडिंगने किती मिनिटं गेली हे कामगाराने विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

इथे एक वाद नेहमी होतो. बुधवार पूर्ण धरला तरी आठवड्याचे साधारण 44 तासच भरतात, मग 48 च्या आत ओटी कसला? पण जुन्या कायद्याच्या कलम 59 मध्ये दोन अटी होत्या, दिवसाला 9 तासांवर *किंवा* आठवड्याला 48 तासांवर, आणि दर दुप्पट. गुरुवारच्या शिफ्टला 12 तास झाले. शुक्रवारच्या दांडीने ते तास पुसले जात नाहीत. कंपनी 8 नंतर मोजते की 9 नंतर, हे एचआरकडून लेखी घ्या आणि मी वर साधेपणासाठी सूत्रातच लिहिलेला तो 8 एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा. नियम बदलला की एकच जागा बदलावी लागेल.

"पंच अपुरा" ही ओळ मात्र कधीही आपोआप हजर किंवा गैरहजर करू नका. एका बाजूला माणसाचा पगार आहे, दुसऱ्या बाजूला खोटी हजेरी. लॉगबुक बघून ते सुपरवायझरनेच ठरवायचं.

सगळेच गैरहजर दिसायला लागले, तर दोन जागा तपासा. एक, कोड. एका फाइलमध्ये 01047 मजकूर म्हणून आणि दुसरीत 1047 आकडा म्हणून आला की जुळणी बिघडू शकते. दुसरी, तारीख. शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल तर 05/09 म्हणजे 9 मे होतो. ओळखायची खूण सोपी आहे: 12 तारखेपर्यंतचे पंच सेलच्या उजव्या बाजूला आणि 13 पासूनचे डाव्या बाजूला चिकटलेले दिसतात. लोकेल भारत करून फाइल पुन्हा आणा.

मामांना व्हॉट्सअॅपवर जातो तो तक्ता अगदी छोटा असतो: कोड, गैरहजर दिवस, अपुरे पंच, ओटी तास. त्यासाठी `COUNTIFS` आणि `SUMIFS` पुरतात. उशिराचा कॉलम मी नंतर जोडला, तेव्हा एक गंमत दिसली. एकाच शिफ्टचे आठ-दहा जण साधारण तेवढीच मिनिटं उशिरा असतील, तर तो माणसांचा उशीर नसतो, पेणहून येणारी बस वडखळला अडकलेली असते. हे सूत्राला कळत नाही, मामांना एका नजरेत कळतं.

सुटीच्या दिवशी खरंच कामावर आलेल्यांचे पंच आदल्या शिफ्टच्या खिडकीत पडले नाहीत, तर ते कोणत्याच खिडकीत बसत नाहीत. असे उरलेले पंच वेगळे काढून यादीखाली द्या, तो ओटी हातानेच बघावा लागतो. आणि एक्सपोर्ट घेताना सोमवार ते रविवार एवढंच घेऊ नका. रविवारी रात्रीची सी शिफ्ट सोमवारी सकाळी सुटते आणि तिथून पुढे कोणी थांबलं तर दुपारही होते, म्हणून सोमवारी संध्याकाळी 6 नंतर, सोमवारसकट फाइल काढा.