एकच गुणांक, निराळे आलेख

फ्रान्सिस अँस्कोम्ब या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा ठिपक्यांचे चार आलेख मांडले. चारही आलेखांचा पिअर्सन सहसंबंध गुणांक ०.८२ येतो, रूपे मात्र निराळी. त्यांतले दोन पाहू.

तिसऱ्या आलेखात दहा ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत आहेत; क्ष = १३ पाशी एकच ठिपका फार वर गेला आहे. पिअर्सनचा गुणांक प्रत्यक्ष किमतींवर चालतो, म्हणून तो एकटा ठिपका त्याला खाली खेचतो. स्पिअरमनचा गुणांक किमतींऐवजी त्यांचे क्रम घेतो. इथे फक्त शेवटच्या दोन ठिपक्यांच्या क्रमांची अदलाबदल होते, म्हणून उत्तर येते ०.९९.

मग वक्रासाठीही क्रमच घ्यावेत का? वक्र चढतच जात असेल तर जरूर. दुसऱ्या आलेखातला वक्र मात्र क्ष = ११ पर्यंत चढतो आणि मग उतरू लागतो. स्पिअरमन तिथे ०.६९ सांगतो, वळण सांगत नाही. अशा वेळी दोन्ही गुणांक अपुरे पडतात.

म्हणून मजकुरात आधी आकार लिहावा: ‘संबंध चढता, जवळजवळ सरळ; क्ष = १३ चा ठिपका वेगळा; पिअर्सन ०.८२, स्पिअरमन ०.९९.’ नोंदीतली चूक सिद्ध झाल्याशिवाय तो ठिपका गाळू नये, आणि सोयीचा तेवढाच गुणांक छापू नये.