‘फक्त आपण दोघंच’साठी अजून तयार नसाल, तर मेसेजमध्ये काय लिहाल?

डेटिंग अ‍ॅपवर जुळलेल्या दोघांच्या चार भेटी होतात आणि एका रात्री त्याचा मेसेज येतो, ‘आता दुसऱ्या कुणाला भेटायचं नाही, असं ठरवूया का?’ यालाच ‘एक्सक्लुझिव्ह’ होणं म्हणतात. तिला तो आवडलाय, पण मन अजून तिथवर पोहोचलेलं नाही. अशा वेळी अनेक जण निळ्या टिकांवर गप्प बसतात किंवा ‘बघू ना’ लिहून मोकळे होतात.

‘बघू’ हा शब्द फसवा. लिहिणारी विषय टाळत असते, वाचणाऱ्याला मात्र होकार जवळ आलाय असं वाटतं. ‘ऑफिसात मार्चची गडबड आहे’ हेही तसंच. समोरचा एप्रिलची वाट बघत बसतो.

त्यापेक्षा असं लिहिता येईल:

‘तू सरळ विचारलंस, बरं वाटलं. रविवारी पर्वतीवर गप्पांत वेळ कसा गेला कळलंच नाही. तुला भेटायला मला आवडतं. पण फक्त आपण दोघंच, असं ठरवायला मी अजून तयार नाही. मी अ‍ॅपवर आहे आणि आणखी एकाला अधूनमधून भेटते, हे तुला माहीत असावं. महिनाअखेरीला मी स्वतःहून हा विषय काढेन. तोवर असं चालणार नसेल तर मोकळेपणानं सांग.’

यातलं सगळ्यात अवघड वाक्य ‘आणखी एकाला भेटते’ हे. तेच गाळलं, तर समोरचा अर्धवट माहितीवर निर्णय घेतो. शारीरिक जवळीक झाली असेल, तर हा आरोग्याचाही प्रश्न असतो. मात्र त्या दुसऱ्याचं नाव, तुलना, तपशील नकोत.

मुदत पाळणार असाल तरच लिहा. त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या त्यानं ‘मला दुसरी कुणी भेटली’ असं कळवलं, तर सुटल्यासारखं वाटेल का? वाटणार असेल, तर ‘अजून’ हा शब्द खोटा आहे. तिथे साधा नकारच द्यावा.

उत्तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावं. उशीर होणार असेल तर ‘उद्या नीट लिहिते’ एवढं तरी कळवावं. तो ‘मग थांबूया’ म्हणाला, तर समजूत घालत बसू नये. ‘चालेल’ म्हणून दर दोन दिवसांनी ‘आज कुणाला भेटलीस?’ विचारू लागला, तर त्याला ते चाललेलं नाही. मग मेसेज पुरे, भेटून बोलावं.

विवाह जुळवणाऱ्या साइटवर मात्र गणित वेगळं. तिथे होकार कळवेपर्यंत इतर स्थळं बघणं दोन्ही घरांनी गृहीतच धरलेलं असतं. होकार गेल्यावर मन डळमळलं, तर मेसेज नव्हे, फोनच करावा लागतो. आणि तोही आधी त्याला, मग घरच्यांना.